‘मला अपराधी वाटतं’ हे वाक्य खोडल्यावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एकांकिका स्पर्धांवरचा लेख वाचला. हल्लीच्या एकांकिकांतली पात्रं मनातलं सरळ बोलतच नाहीत, प्रेक्षकाला अंदाज बांधत बसावं लागतं, अशी त्यात तक्रार आहे. मी बरीच वर्षं हौशी मंडळींची नाटकं बसवतो. तक्रार काही अंशी खरी आहे. पण पात्रांनी आपल्या भावना स्वच्छ शब्दांत सांगून टाकाव्यात, हा त्यावरचा उपाय मला पटला नाही. का, ते सांगायला आमच्या तालमीतलाच एक प्रवेश घेतो.

संहिता एका कॉलेजच्या मुलाची. वडील तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि आता गेलेत. थोरला भाऊ गावी राहून त्यांचं सगळं करत होता, धाकटा पुण्यात नोकरीला. तेरावं उरकून धाकटा पहाटेच्या एसटीनं निघणार, त्याच्या आदल्या रात्री दोघं भाऊ ओटीवर बसलेत. मुलानं लिहिलं होतं :

धाकटा : दादा, मला फार अपराधी वाटतं. बाबांचं सगळं तू एकट्यानं केलंस आणि मी तिकडे बसून राहिलो.
दादा : मला तुझा राग यायचा. पण आता नुसतं एकटं वाटतं.

वाचताना हे खोटं वाटत नाही. उभं केलं की अडतं. वाक्य संपलं की नटाच्या हाती काही उरत नाही. ‘अपराधी’ म्हणून झालंय, मग तो मान खाली घालून तेच पुन्हा करून दाखवतो. शिवाय हे दोघं ज्या घरात वाढले तिथे थोरल्याचे आभार मानायची किंवा त्याची माफी मागायची रीतच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा धाकटा असं काही बोलतो आणि दादाला त्याचं नवलही वाटत नाही! म्हणजे हे वाक्य दादासाठी नव्हतंच, ते प्रेक्षकांसाठी होतं.

मुलाला मी दोनच प्रश्न विचारले. या घटकेला धाकट्याला दादाकडून काय हवंय? आणि ते त्याला मागता का येत नाही? पहिल्याचं उत्तर त्यानं ‘माफी’ असं दिलं. थोडं आणखी खणल्यावर म्हणाला, नाही, त्या तीन वर्षांत आपलाही काही वाटा होता असं दादानं म्हणावं, हे त्याला हवंय. आणि तो वाटा नव्हता हे त्याला ठाऊक आहे, म्हणून मागता येत नाही. मग त्या दोघांच्या मध्ये ठेवायला एखादी वस्तू शोधू म्हटलं. हार घातलेला फोटो नको, त्याच्याकडे बघून नट लगेच डोळे पुसतात. शोधता शोधता गोळ्यांचा डबा सापडला. वारांचे खण असलेला, प्लास्टिकचा. प्रवेश पुन्हा लिहिला तो असा :

धाकटा : (डबा उघडून) सोमवार रिकामा आहे. मंगळवारपासून भरलेलाच आहे.
दादा : हो.
धाकटा : कधी भरायचास?
दादा : रविवारी रात्री. जेवणं झाली की.
धाकटा : ही गुलाबी कसली?
दादा : प्रेशरची. अर्धी द्यायची. सुरीनं कापायची, हातानं मोडली की चुरा होतो.
धाकटा : पुढच्या वेळी मी... (थांबतो. झाकण लावतो.)
दादा : गाडी साडेपाचला ना? चारला उठवतो.
धाकटा : रविवारी फोन करू? रात्री?
दादा : कर. आता रविवारी काही काम नसतं.

अपराध, राग, एकटेपणा, यांतला एकही शब्द इथे नाही. तरी वडील मंगळवारी गेले हे डब्यानं सांगितलं, आणि तेरा दिवस दादाला तो रिकामा करवलेला नाही हेही. गुलाबी गोळी कसली हे धाकट्याला माहीत नाही, यात त्याची तीन वर्षांची गैरहजेरी आली. सुरीचा बारकावा सांगताना दादा तक्रार करत नाही, पण धाकट्याला तो लागतो. ‘पुढच्या वेळी’ म्हणता म्हणता आता पुढची वेळ नाही हे त्याच्या ध्यानात येतं. तिथे दादा त्याला बोचू शकला असता. तो गाडीची वेळ काढतो. माझ्या मते हीच ती माफी.

हे काही परदेशी खूळ नव्हे. आपल्याकडे नवव्या शतकात आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त सांगून ठेवलंय की रसाचं नुसतं नाव घेतल्यानं रस होत नाही, तो विभाव-अनुभावांतून, म्हणजे भावना जागवणाऱ्या कारणांतून आणि तिच्या बाहेर दिसणाऱ्या खुणांतून, प्रतीत व्हावा लागतो. पुढे मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त रसदोष सांगताना सुरुवातच रस आणि भाव त्यांच्याच नावानं सांगून टाकण्याच्या दोषापासून केली. त्यांच्या भाषेत आमचा डबा हा विभाव आणि झाकण लावणारा हात हा अनुभाव.

आता लेखातला खरा भाग. सूचक संवाद फसतात ते बहुधा आधीची पेरणी नसल्यामुळे. वडील तीन वर्षं आजारी होते आणि धाकटा त्या काळात फार तर दोनदा आला, हे आधीच्या प्रवेशात कळलं नसेल, तर डब्यावरचं बोलणं म्हणजे नुसती औषधांची चौकशी. आम्ही त्यासाठी आधी शेजारणीच्या तोंडी एक साधं वाक्य घातलं : “गेल्या गणपतीला आला होतास, नाही का रे?” माहिती उघडपणे द्यावी, भावना झाकावी. पुष्कळ नवे लेखक नेमकं उलटं करतात. माहिती लपवतात, ओळीओळीला ‘विराम’ लिहितात आणि प्रेक्षक चाचपडत राहतो.

दुसरी चूक दिग्दर्शकांची, ती मीही केली आहे. शब्द काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी व्हायोलिन वाजवायचं. ‘मला दुःख होतंय’ हेच वाक्य मग वाद्यातून ऐकू येतं. प्रवेश उभा राहिला की नाही, हे बघायला मी तो दोन नटांकडून सपाट आवाजात वाचून घेतो आणि नाटकाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी विचारतो, धाकट्याला काय हवंय? हॉल उघडून देणाऱ्या काकांनी आधीच्या प्रवेशांची तालीम पाहिली होती. हा प्रवेश ऐकून ते म्हणाले, “त्याला वाटतंय दादानं चार शिव्या घालाव्यात.” आमच्या उत्तराहून वेगळं होतं, पण पात्राच्या आतलं होतं. “कळलं नाही” असं आलं असतं, तर संवाद नव्हे, आधीचा प्रवेश दुरुस्त करावा लागला असता.

सरळ बोलणं नाटकातून हद्दपार करा असं मी म्हणत नाही. लहान मूल सरळच बोलतं. संगीत नाटकातलं पद भावनेचं नाव घेऊन तासभर रंगू शकतं, कारण तिथलं काम सूर करतो. आणि चाळीस मिनिटं गप्प राहिलेला माणूस शेवटी एकदा उघड बोलला, तर ते वाक्य अंगावर येतं.

आमच्या लेखकाला मात्र शेवटपर्यंत राहवत नव्हतं. ‘काही काम नसतं’ याच्या पुढे ‘घर खायला उठतं’ एवढं तरी ठेवू या, असा त्याचा हट्ट होता. दोन्ही तऱ्हांनी करून पाहिलं. जास्तीचं वाक्य होतं तेव्हा दादाचं काम करणारा मुलगा ते बोलताना आपोआप प्रेक्षकांकडे वळला. नव्हतं तेव्हा त्यानं धाकट्याच्या हातातून डबा घेतला आणि होता तिथे, फळीवर, नेऊन ठेवला. त्याला असं कुणी सांगितलेलं नव्हतं. लेखकानं तिथल्या तिथे पेन काढून ते वाक्य खोडलं.

आपला,
एका हौशी नाट्यसंस्थेचा दिग्दर्शक, सातारा