बोकड्या आलेले झाड उपटायलाच हवे

महोदय,

टोमॅटोवर बोकड्या दिसला की आपल्याकडचा शेतकरी दुकानातून बुरशीनाशक, टॉनिक आणि एखादे महागडे कीटकनाशक आणून पंप उचलतो. पण बोकड्या हा विषाणूरोग आहे. झाडात शिरलेला विषाणू बाहेर काढणारे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही. शेंड्याची पाने बारीक राहून त्यांच्या कडा वर वळू लागतात, तेव्हा लागण होऊन दोन-तीन आठवडे उलटलेले असतात.

हा विषाणू पांढरी माशी पसरवते. रोगट झाडाचा रस घेतलेली माशी बहुधा मरेपर्यंत तो पसरवत राहते. म्हणून असे झाड रानात जितके दिवस उभे, तितका शेजारच्या झाडांना धोका.

लावणीनंतर पहिले पाच-सहा आठवडे दर तीन-चार दिवसांनी सरीसरीने फिरावे. सकाळच्या गारव्यात माशी सुस्त असते. रोगट झाडावर आधी निंबोळी अर्क मारावा, मग झाड हलक्या हाताने मुळासकट उपटून जागेवरच पिशवीत बंद करावे आणि पुरावे. उपटलेले झाड बांधावर टाकले तर माशा उडून शेजारच्या रानात जातात, पानामागच्या पिल्लांपैकी वाढलेली नंतर माशी होऊन बाहेर पडतात. निम्म्याहून अधिक प्लॉट रोगट झाला असेल, किंवा फळे पोसू लागली असतील, तर मात्र उपटण्याचा फारसा फायदा नाही.

उपटण्याआधी एक खात्री करावी. शेजारच्या उसातल्या टू-फोर-डी तणनाशकाचा वारा लागला तरी टोमॅटोची पाने वाकडी होतात. पण तेव्हा उसाकडच्या कडेची झाडे एकदमच बिघडतात आणि पाने दोऱ्यासारखी अरुंद होतात. बोकड्या सुरुवातीला विखुरलेला, इथे एक तिथे एक असा दिसतो.

माशीपासून बचावासाठी रोपे ४० ते ५० मेशच्या जाळीतच वाढवावीत. लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी प्लॉटभोवती मक्याच्या दोन-तीन दाट ओळी पेराव्यात. फवारणी पिवळ्या चिकट सापळ्यांवर आणि पानामागे नजर ठेवून, औषधाचा गट बदलूनच करावी. पायरेथ्रॉइडचा मारा वारंवार झाला तर मित्रकीटक मरतात आणि माशी उलट वाढते.

काकडी, पपईवरच्या मोझॅकचे गणित वेगळे आहे. तिथे मावा काही सेकंद सोंड टोचूनच रोग देऊन जातो, औषधाने मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते. अशा मोझॅकवर मका खरा उपयोगी पडतो, कारण बाहेरून येणारा मावा आधी त्यावर सोंड टोचतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच झडतो.

माझी कळकळीची विनंती आहे. भाव पडला म्हणून सोडून दिलेले टोमॅटोचे प्लॉट महिनोन्‌महिने उभे असतात आणि शेजारी नवी लावण चालू असते. असे प्लॉट शेवटच्या तोड्यानंतर आठवडाभरात मोडावेत, हा नियम प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठरवावा. कृषी सहायकांनीही लावणीच्या हंगामाआधी तसा आग्रह धरावा.

आपला,
एक भाजीपाला उत्पादक, ता. मोहोळ, जि. सोलापूर