सावित्रीचा पाचवा वर

प्रिय नीलू,

वडाला दोरा गुंडाळायचा की नाही, हे तुझं तू ठरव. पण सावित्रीला ‘नवऱ्यामागे फरपटत गेलेली बाई’ म्हणालीस, ते मला लागलं. एकदा महाभारतातलं वनपर्व काढून बघ. तिथे वडाचं झाडही नाही आणि सात जन्मांचं मागणंही नाही. तिथे आहे ती एक अतिशय सावध मुलगी.

सत्यवान वर्षभरात जाणार, हे नारदांनी लग्नाआधीच सांगितलेलं. ते ती कुणाला कळू देत नाही, मनात दिवस मोजत राहते. शेवटचे चार दिवस उरले तेव्हा तीन रात्रींचं व्रत धरून उभी राहते. ठरल्या दिवशी सत्यवान कुऱ्हाड घेऊन निघतो, तेव्हा ती बरोबर जायची परवानगी मागते. सासरे द्युमत्सेन म्हणतात, ही घरात आल्यापासून हिनं काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे वाक्य लक्षात ठेव.

रानात लाकडं फोडताना त्याचं डोकं दुखायला लागतं, तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजतो. यम स्वतः येतो, अंगठ्याएवढा जीव पाशानं ओढून काढतो आणि दक्षिणेकडे चालू लागतो. ती मागे निघते. रडत नाही, त्याच्याशी बोलू लागते. सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते, त्या नात्यानं सांगते, म्हणते. यमाला तिचं बोलणं आवडतं. याचा जीव सोडून काहीही माग, म्हणतो.

ती आधी आंधळ्या सासऱ्यांची दृष्टी मागते. मग त्यांचं गेलेलं राज्य. मग आपल्या वडिलांना शंभर मुलगे, कारण त्यांना ही एकटीच. चौथ्या वेळी सत्यवानापासून स्वतःला शंभर मुलगे. यम तेही देऊन बसतो. दर वेळी त्यानं ‘याचा जीव सोडून’ अशी अट घातलेली असते. पाचव्या वेळी तो इतका प्रसन्न होतो की अट घालायची राहून जाते. ती ते लगेच पकडते: आधीच्या वरांसारखा यात अपवाद नाही, तेव्हा सत्यवान जगू दे, त्याच्याशिवाय तुझाच चौथा वर खरा कसा होणार?

नीलू, यात फसवणूक कुठेच नाही. ती यमाला त्याच्याच शब्दाला धरून ठेवते. आणि वर्षभर काहीच न मागणारी मुलगी मागायची वेळ आल्यावर आधी दुसऱ्यांसाठी मागते! तिच्या निष्ठेत मला सर्वांत भावतं ते हे, की शोकातही तिचे कान उघडे राहिले.

पुढचा भाग तर कुणी सांगतच नाही. सत्यवान उठतो तेव्हा रात्र झालेली असते आणि त्याला आईवडिलांची काळजी लागते. ती फळांची टोपली फांदीला अडकवते, कुऱ्हाड स्वतः घेते, त्याचा हात आपल्या खांद्यावर टाकते आणि त्याला धरून वाटेला लागते.

पुढच्या पत्रात मला दमयंतीबद्दल लिही. तिच्यावर तुझं काय म्हणणं आहे, ते ऐकायचंय.

तुझी,
मंजू