काकू, तुमचा तवा अजून माझ्याकडेच आहे

प्रिय काकूंना नमस्कार,

यंदाच्या महालक्ष्म्यांचा नैवेद्य वेळेत झाला, हे तुम्ही पाहिलंच. जेवायला बसलेल्या बायकांनी "पोळी छान झाली" म्हटलं तेव्हा मी नुसती हसले. खरं काय ते सांगायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र, आणि चारचौघांसमोरच.

मागच्या वर्षीचं तुम्हाला आठवतच असेल. आरती साडेबाराची ठरलेली, आणि पानं वाढली अडीचला. सवाष्णी माजघरात बसून बसून कंटाळल्या, एक तर ओसरीतच लवंडली. मी पहाटेपासून उभी होते, तरी असं झालं. सोपं ते आधी उरकू म्हणून सकाळीच भात टाकला, भजे तळून ठेवले. वाढायच्या वेळी भात गार आणि भजे मऊ, अन् पुरण मात्र कढईतच. घाईघाईत गरम पुरणाच्याच पोळ्या लाटल्या. तिसरीच पोळी तव्यावर फुटली, पुरण जळून तव्याला चिकटलं. दर पोळीला तवा खरवडत बसले.

यंदा आदल्या दिवशी तुम्ही आलात. मला वाटलं, पुरणाचं काही गुपित सांगाल. तुम्ही पहिलं विचारलं ते हे: "ताट कधी वाढाचं हाय, ते सांग पह्यले." शाळेचा पोषण आहार तुम्ही इतकी वर्षं शिजवता. तिथे घंटा झाली की पोरं ताटल्या घेऊन हजर. "घंटा थांबत नाही वो, मंग आपल्यालेच मागं सरकाव लागते," असं म्हणत तुम्ही कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि सगळ्यात खाली लिहिलं, साडेबारा. मग एकेक ओळ वर चढत गेलात.

माणसं पंचवीस, पोळ्या ४०, दाळ दीड किलो. भजे आणि वडे शेवटच्या वीस मिनिटांत, म्हणजे बारा दहाला कढई गॅसवर. त्याआधी दुसऱ्या शेगडीवर भात, बारा वाजायला दहा कमी असताना. झाकून पंधरा मिनिटं मुरला की वाढायला मोकळा. याचा अर्थ दोन्ही तवे तोवर उतरलेले हवेत. आपली पोळी जाड, पुरण ठासून भरलेलं. एकीला तव्यावर तीन मिनिटं तरी लागतात. एका तव्यावर ४० पोळ्यांना दोन तास, दोन तव्यांवर एक. लाटण्यातला उशीर धरून तुम्ही लिहिलंत, साडेदहा. दुसरा तवा तुमच्या घरून येणार हे तेव्हाच ठरलं.

इथवर मलाही जमलं असतं. पुढे तुम्ही पेन थांबवून विचारलंत, "पुरण थंड व्हाले किती वेळ लागते?" मी म्हटलं, त्याला काय वेळ धरायचा, ते आपलं आपण होतं. तुम्ही म्हणालात, "आपण नाही करत, पण घड्याळ तं चालतेच ना!" माझी सगळी चूक तिथेच होती. मी फक्त हातानं करायचा वेळ मोजत होते. दाळ भिजायचा, कणीक मुरायचा, पुरण निवायचा वेळ माझ्या हिशेबात कधी आलाच नव्हता.

मग पान भराभर वर गेलं. परातीत पसरून निवायला एक तास. पुरणयंत्रातून काढायला अर्धा तास, तेही गरम असतानाच, कारण गार झालं की दांडा फिरत नाही. गूळ घालून आटवायला पाऊण तास, उलथनं मधोमध उभं राहीपर्यंत. ते कलंडलं तर पुरण सैल आहे, आणि सैल पुरणाची पोळी लाटताना कडेनं फुटतेच. दाळ शिजवून कट गाळायला तासभर. भिजायला दोन तास. पोळ्यांआधी तुम्ही अर्धा तास मोकळा सोडला होता, तो धरून वरची ओळ आली, पावणेपाच. पहाटेचे! मागच्या वर्षी मी दाळ सातला भिजवली होती. म्हणजे चूल पेटायच्या आतच मी सव्वादोन तास मागे होते, आणि वर्षभर माझ्या हातालाच दोष देत होते.

तो मोकळा अर्धा तास मधेच का, हे मला तेव्हा कळलं नाही. मी म्हटलं, शेवटी ठेवू, आरतीच्या आधी. तुम्ही म्हणालात, शेवटी ठेवला तर भजे अर्धा तास गार होत बसतील. निवलेलं पुरण अर्धा तास थांबलं तर त्याचं काही बिघडत नाही. ज्याला थांबता येतं त्याच्याजवळच सवड ठेवायची.

त्या पानामुळे आणखी एक कळलं. साडेदहा ते बारा वाजायला दहा कमी, एवढा वेळ दोन्ही शेगड्या तव्यांनी अडवलेल्या. म्हणून कटाची आमटी आठलाच, कट निघाल्या निघाल्या, दुसऱ्या शेगडीवर. ती मुरली की उलट चांगलीच लागते. कढी आणि सोळा भाज्यांची भाजी मागच्या चुलीवर. आंबिलीचं ज्वारीचं पीठ ताकात आदल्या रात्रीच भिजवलेलं. चटणी संध्याकाळीच वाटली, सकाळी लाइनचा भरवसा नाही.

तरी घोटाळा झालाच. पऱ्हाट्या पावसानं ओल्या, नऊला पेटवलेली चूल साडेनऊपर्यंत नुसती धूर करत होती. माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही पानावर बोट ठेवलंत: पुरण परातीत निवतंय, दोन्ही शेगड्या दहापर्यंत रिकाम्या. कढी तिथे चढली, मंद आचेवर, पहिली उकळी येईपर्यंत जाऊबाई ढवळत राहिल्या. ताक फाटलं नाही. सवडीचा अर्धा तासही उरला, भाजी तेवढी चुलीवर रेंगाळत राहिली. कणीक त्यांनीच साडेआठला मळून ठेवली होती, दोन तासांत ती अशी मऊ झाली की पोळी हातावर लोंबत होती, पण फाटत नव्हती.

शेवटी पूजाच लांबली. गुरुजी दुसऱ्या घरून उशिरा आले. सव्वाबारा झाले तरी तुम्ही मला भज्यांचं पीठ भिजवू दिलं नाहीत. काकडीच्या कोशिंबिरीत मीठही घालू दिलं नाहीत, पाणी सुटते म्हणून. "आता घड्याळ नोको पाहू, कान देवघराकडे ठेव." आरतीची पहिली घंटा ऐकू आली आणि तुम्ही म्हणालात, "सोड." पहिला घाणा नैवेद्याच्या ताटात, बाकीचे पंगत बसताना. बारा पन्नासला पानं वाढली होती, भात अजून वाफाळत होता.

काकू, तुम्ही स्वतः एक पोळी लाटली नाहीत की एक भजं तळलं नाहीत. पाटावर बसून नुसतं पान धरलंत. तुमच्या घरीही त्या दिवशी महालक्ष्म्या होत्या आणि तुमचा नैवेद्य संध्याकाळचा, हे मला नंतर कळलं. माझ्याकडून परत जाऊन तुम्ही तुमची दाळ शिजायला लावली असणार. तेही म्हणे वेळेत झालं.

ते कॅलेंडरचं पान मी पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय. पितरांच्या वड्यांसाठी खाली अकरा लिहून सुरुवात केली आहे, उडदाच्या दाळीपाशी अडकले. आणि तुमचा तवा घासून ठेवलाय, उद्या पोराच्या हाती पाठवते. वडे व्हायच्या आत पाहिजे असेल तर मात्र सांगा, आजच पाठवते.

तुमची,
शेजारची सून