७+ च्या खालची ओळ : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. कापसाचे चुकारे खात्यात पडले, त्याच आठवड्यात एका पोट्ट्यानं बापाच्या मोबाइलवरून गेममधले हिरे विकत घेतले. बाप शाळेत आला. म्हणाला, "सर, गेमवर त ७+ लिहून होतं, पोट्टा बारा वर्षाचा हाय. मंग पैसे कसे गेले?"

त्याचा प्रश्न रास्त होता. प्ले स्टोअरवर २०१५ पासून आयएआरसी नावाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून हे आकडे येतात. गेम बनवणारा एक प्रश्नावली भरतो: मारामारी आहे का, रक्त दिसतं का, शिव्या, नशा, जुगार? उत्तरांवरून आकडा आपोआप निघतो आणि आपल्याकडे ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ असा दिसतो. म्हणजे आकडा मुख्यतः पडद्यावर काय दिसतं त्याचा. खेळ सोपा की अवघड, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आकड्यावर बोट ठेवलं की कारण उघडतं. त्या गेमला Mild Violence असं होतं, म्हणजे सौम्य हिंसा. तीच झटापट खऱ्यासारखी दिसली की Strong Violence येतं आणि आकडा वर चढतो. Simulated Gambling म्हणजे पत्ते, चक्री असा जुगाराचा देखावा; त्यात जिंकलेले पैसे खात्यात येत नाहीत. खऱ्या पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा २०२५ चा कायदा वेगळा.

घोळ झाला तो त्याखालच्या ओळीत. तिथं Users Interact आणि In-Game Purchases असं लिहिलेलं होतं. पहिल्याचा अर्थ, अनोळखी माणूस पोराशी बोलू शकतो. तो काय बोलेल हे कोणतंही मंडळ आधी तपासू शकत नाही. दुसऱ्याचा अर्थ, गेम फुकट, पण आत दुकान आहे. सोबत Includes Random Items असेल तर पैसे आधी द्यायचे आणि पेटीतून काय निघेल ते नशिबावर. चित्रं निरागस असली की या ओळीसकट ३+ सुद्धा मिळतो.

प्ले स्टोअरमध्ये पालकांसाठी पिन लावून वयाची मर्यादा ठरवता येते. पण ती नव्या डाउनलोडला लागते, आधीपासून असलेल्या गेमला नाही. खरेदीचं कुलूप वेगळं लावावं लागतं. आणि आमच्याकडे निम्मे गेम एकमेकांच्या फोनवरून फाइल म्हणून येतात, त्यांच्यावर आकडाच नसतो. शिवाय बापाचा पिन घरात सगळ्यात आधी पोट्ट्यालाच माहीत असतो, ते सोडा.

माझी मागणी लहान आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या पालक सभेत एक पान मराठीत वाटावं : वर पाच आकडे, खाली या चार-पाच ओळींचे अर्थ आणि खरेदीचं कुलूप कुठं असतं त्याचं चित्र. सभा चुकाऱ्यांच्या हंगामाआधी घ्यावी.

आपला,
एक शिक्षक