शनिवारच्या भेटीआधी: स्वागताच्या भाषणाबद्दल

नमस्कार मंडळी,

शनिवारी आपल्या नाशिकच्या फ्रीलान्सर मंडळींची पहिली भेट आहे. स्वागताचं भाषण मी बरोबर सव्वासहाला सुरू करेन आणि चार मिनिटांत संपवेन. चहा-नाश्ता त्यानंतरच ठेवला आहे, कारण एकदा हातात बशी आली की ओळखीचे लोक घोळका करतात आणि मग कोणाचं लक्ष राहत नाही. म्हणून कृपया सहापर्यंत पोहोचा.

भाषणात मी सगळ्यांना एकच गोष्ट करायला सांगणार आहे, तिची तयारी घरूनच करून या. ओळख करून देताना तीन वाक्यं बोलायची: काम काय, ते कोणासाठी, आणि सध्या काय हवं आहे. “मी ग्राफिक डिझायनर आहे” एवढंच म्हटलं, की समोरचा “छान” म्हणतो आणि बोलणं तिथेच थांबतं. त्याऐवजी, “मी द्राक्ष निर्यातदारांच्या खोक्यांसाठी लेबलं करते, दोनशे नगांची छोटी छपाई घेणारा प्रिंटर शोधतेय,” असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला लगेच कोणीतरी आठवतं. तिसरं वाक्य बहुतेक जण संकोचाने गाळतात. ते गाळू नका, पुढचं बोलणं त्यावरच सुरू होतं.

उभं राहताना घोळक्यात एका माणसाची जागा मोकळी ठेवा. एकटे आलेल्यांना त्यामुळे आत यायला सोपं जातं. कोणालाच ओळखत नसाल तर दाराशी मला सांगा, पहिल्या दोन ओळखी मी स्वतः करून देईन.