आजीची ऋषिपंचमी

खारघर

ती. आई-बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारच्या प्रार्थनासभेत आजीबद्दल मी जे वाचणार आहे, ते आधी तुमच्या हाती पडावे म्हणून दादाबरोबर पाठवत आहे. बाबांनी ते पहिल्यांदा सगळ्यांसमोर ऐकावे हे मला बरे वाटेना. दुसरे असे की त्यात मी एक गोष्ट ठरवून केली आहे आणि ती आत्याला कदाचित रुचणार नाही. तिने फोनवर आजीची सगळी व्रते सांगितली होती: दोन्ही एकादश्या, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, महाशिवरात्र, वसुबारस. त्यातले एकही खोटे नाही, आणि आजीने आजारपणातही त्यातले काही चुकवले नाही, हे तर तुम्हीच पाहिले आहे. पण नुसती यादी वाचली, तर नौपाड्यातल्या कोणत्याही घरच्या आजीला ती लागू पडेल. म्हणून मी फक्त ऋषिपंचमीवर लिहिले आहे. वटपौर्णिमा आजोबांसाठी होती आणि त्यांच्याबरोबरच थांबली; संकष्टी बाबांच्या टायफॉइडच्या वेळी बोललेली होती; ऋषिपंचमी मात्र तिने कोणासाठी मागणे म्हणून कधी केली नाही, आणि तिचा काटेकोरपणा व तिची माया ही दोन्ही मला त्याच दिवशी एका जागी दिसत. आत्याला मी स्वतः समजावीन, तुम्ही त्यात पडू नका.

वाचायचा मजकूर असा आहे.

"भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या घरी दोन स्वयंपाक होत असत. एक गणपतीसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. दुसरा आजीचा, ज्यात बैलाच्या कष्टाचा एक दाणाही नसे. नांगरलेल्या शेतातले गहू, तांदूळ, तूर त्या दिवशी तिला वर्ज्य असे, आणि तेल भुईमुगाचे म्हणून फोडणीही नसे. झाडावर, वेलीवर, परसात किंवा माणसाने कुदळीने खणलेल्या वाफ्यात जे येते, तेवढेच तिच्या पानात येई.

हरतालिकेच्या सकाळी ती जांभळी नाक्याच्या बाजारात जाई. मुरबाड-शहापूरकडच्या बायका तिथे रस्त्याच्या कडेला रानभाज्या आणि देवभात घेऊन बसतात. हा देवभात तळ्याच्या आणि पाणथळीच्या कडेला आपोआप उगवतो, म्हणून तो या दिवशी चालतो. भाव विचारण्याआधी आजी 'बाई, हे कुठं लावलं होतंस?' एवढेच विचारी. उत्तर देताना समोरची जरा घुटमळली, की आजी तिच्याशी वाद न घालता पुढच्या पाटीकडे वळे. अळू, लाल माठाचे देठ, सुरण, पडवळ, दोडका, भेंडी, लाल भोपळा, कच्ची केळी आणि कोवळी कणसे इतके जमायला तिला कधी कधी दुपार होई, पण एखादी भाजी मिळाली नाही, तर ती सोडून देई. खात्री नसलेली घेत नसे.

या सगळ्यांची मिळून एकच भाजी होई. तिच्यात अवघड भाग अळूचा आणि सुरणाचा. दोन्हींमध्ये सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात टोचतात आणि खाज सुटते. त्यावर उपाय दोनच, आंबट घालणे आणि पुरते शिजवणे. पण चिंच आधी घातली, तर सुरणाच्या फोडी आणि कणसाचे दाणे टणक राहतात. शिवाय ही नैवेद्याची भाजी, ती चाखून बघता येत नाही. म्हणून आजी सुरणाच्या फोडी चिंचेच्या पाण्यात भिजवून, मग स्वच्छ धुऊन घेई, आणि अळूची पाने व सोललेले देठ वेगळ्या पातेल्यात चिंचेच्या कोळासह शिजवून घोटून ठेवी. मोठ्या जाड बुडाच्या पातेल्यात तळाशी कणसाचे तुकडे, त्यावर सुरण आणि कच्ची केळी, वर झाकण, झाकणात पाणी आणि मंद आच. सुरणाची फोड डावाने हलके दाबल्यावर दुभंगली, की मगच पडवळ, दोडका, भेंडी आणि भोपळा आत जात, आणि ते शिजल्यावर शेवटी घोटलेला अळू, हिरवी मिरची, जाडे मीठ आणि ओले खोबरे. मिठाचा अंदाज तिच्या हाताला होता. आजोबा गेले त्या वर्षी मात्र मीठ घालायचे राहून गेले. पहिला घास घेतल्यावर तिला ते कळले, आणि ती एक शब्द न बोलता तशीच भाजी जेवली.

जेवणाआधी पूजा असे. पाटावर आठ सुपाऱ्या मांडून कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ यांची व शेवटी अरुंधतीची पूजा झाली, की ती कहाणी सांगे. विटाळात भांड्यांना हात लावला म्हणून एका ब्राह्मणाची बायको पुढच्या जन्मी कुत्री झाली, आणि तिच्या संपर्काने तो बैल झाला. दोघे नेमके आपल्याच मुलाच्या दारी आले. श्राद्धाच्या दिवशी सापाने खिरीत विष ओकलेले कुत्रीने पाहिले आणि माणसे वाचावीत म्हणून खिरीत तोंड घातले. सुनेने तिला जळक्या लाकडाने मारले. त्याच दिवशी बैलाला तोंड बांधून उपाशीपोटी नांगराला जुंपले होते. रात्री दोघे एकमेकांना आपले दुःख सांगत असताना ते मुलाने ऐकले आणि आपण कोणाला राबवले ते त्याला समजले.

आजीचा आवाज दर वर्षी बैलापाशीच दाटून येई. ज्याच्या मानेवर आपण वर्षभर जेवतो, त्याचे कष्ट एक दिवस तरी पानात नसावेत, असा तिने या व्रताचा अर्थ लावला होता. आता सगळीकडे ट्रॅक्टर आला, मग भात खायला काय हरकत आहे, असे माझ्या भावाने एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, 'ट्रॅक्टर आला म्हणून बैलाचं देणं फिटलं का?'

कहाणीतल्या विटाळाबद्दल तिने आयुष्यभर जे केले, तेही मला इथे सांगायचे आहे. हे व्रत त्या दोषाच्या निवारणासाठी सांगितलेले आहे आणि तिने ते श्रद्धेने केले; पण माझी आई लग्न होऊन दोन खोल्यांच्या घरात आली, तेव्हा पहिल्याच महिन्यात आजीने तिला सांगितले की या घरात कोणी बाहेर बसणार नाही. माझ्या वेळीही तिने तेच केले. आपल्या वाट्याचा दोष आपण फेडू, सुनेला आणि नातीला त्यात ओढायचे नाही, एवढेच तिचे म्हणणे होते. मला तिचा सगळ्यांत मोठा नेम हाच वाटतो."

हा मजकूर इथे संपतो. वाचायला फार वेळ लागणार नाही, आणि नंतर भजन आहेच.

आता आई, तुझ्याशी थोडे बोलते. आजीचे उपास तू पुढे चालवणार, हे तू कोणाला सांगितले नसलेस तरी मला कळले आहे, कारण मागच्या एकादशीला तू गोळी घेतलीस आणि पाण्यावाचून काही घेतले नाहीस, आणि दुपारी तुला घाम फुटून हात थरथरले, हे दादाने मला सांगितले. त्याच्यावर रागावू नकोस. तुझ्या गोळ्या साखर खाली आणणाऱ्या आहेत. पोटात काही नसताना त्या घेतल्या, तर साखर फार उतरते. साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर ती उलट झपाट्याने वर जाते. म्हणून मी डॉक्टरांशी आणि भटजींशी, दोघांशीही बोलून ठरवून टाकले आहे की एकादशी आणि संकष्टी तू करायची नाहीस. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत तुला ताटकळत बसायला लागावे, हे आजीलाही चालले नसते. शास्त्रात आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे सांगितले आहे, पाणी, कंद, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. आजी रक्तदाबाची गोळी एकादशीलाही घेई, ती याच आधारावर. तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. देवघर तुझेच आहे, समई तूच लावशील, आणि त्या दिवशी विष्णुसहस्रनाम म्हणायला कोणाचीच ना नाही. फक्त जेवण वेळेवर झाले पाहिजे.

ऋषिपंचमी मात्र तू अवश्य कर. वर्षभर सण करायचा नाही हे मान्य, पण या भाजीत सणाचे असे काय आहे? तेल नाही, साखर नाही, त्यात उपाशी राहणे नाही, आणि तुझ्या पथ्यालाही ती बरी. कणीस आणि केळे तेवढे बेताने वाढून घे, आणि सुरणही चमचाभरच. पंधरवड्यावर आली आहे, म्हणून हरतालिकेच्या सकाळी मी ठाण्यात येईन आणि जांभळी नाक्याला मीच जाईन. तू घरी बसून मला फोनवर काय काय आणायचे ते सांग.

बाबा, अळू सोलून माझे हात खाजू लागले, की तुम्ही माझे एकेक बोट आमसुलाने चोळत असायचात आणि मी रडणे थांबवले, तरी शेवटचे बोट राहिले म्हणून पुन्हा सुरुवात करायचात. यंदाही अळू मीच सोलणार आहे, तेव्हा आमसूल काढून ठेवा.

रविवारी तुम्ही दाराशी उभे राहून सगळ्यांना नमस्कार करत बसायचे नाही. गुडघा पुन्हा सुजेल. सभागृह तळमजल्यावरच घेतले आहे, जिना नाही. पुढच्या रांगेत तुमच्या दोघांसाठी हातांच्या खुर्च्या आहेत, आईच्या जागेवर पंख्याचा थेट वारा येणार नाही हे मी पाहून आले आहे, बिनसाखरेचा चहा वेगळ्या थर्मासमध्ये असेल आणि दादा साडेचारला गाडी घेऊन येईल. दोघांनीही निघण्याआधी पोळी-भाजी खायची आहे.

बाबा, मजकुरातले एखादे वाक्य नको वाटले, तर त्यावर काट मारून कागद शनिवारी रात्रीपर्यंत दादाकडे द्या, मी मुकाट्याने ते गाळीन. बाहेर बसण्याचा परिच्छेद मात्र आईला विचारल्याशिवाय काढू नका.

तुमची,
मनू