सूर्य मंद होणार नाहीये, उलट तापत चाललाय

संपादक साहेब,

कालच्या पुरवणीतला सूर्यावरचा लेख वाचला. फोटो झकास आहे. पण 'तेल संपत आलेल्या समईसारखा सूर्य मंद होत जाईल' हे वाक्य चौकटीत टाकायची काय गरज होती? तेवढंच लोकांच्या लक्षात राहणार.

मी चिडायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी माझ्या नातीने सहामाहीच्या पेपरात लिहिलं की हायड्रोजन कमी होत जाईल तसा सूर्य जास्त प्रखर होईल, तर बाईंनी 'जास्त'वर लाल काट मारून वर 'कमी' लिहिलं आणि दोन मार्क उडवले. मी ऐरोलीहून रिक्षा करून शाळेत गेलो तर म्हणाल्या, "आजोबा, इंधन संपत आलं की आग मंदच होणार ना, कॉमन सेन्स आहे." आता तुमचं कात्रण फळ्यावर लावतील!

अहो, ती आग नाहीच. सूर्य कोळशाचा असता तर काही हजार वर्षांत खलास झाला असता, त्याचं वय आहे ४६० कोटी वर्षं. गाभ्यात दीड कोटी अंश तापमानाला हायड्रोजनची चार केंद्रकं टप्प्याटप्प्याने जुळून एक हेलियम होतो. पहिल्या टप्प्यात दोन प्रोटॉन भिडतात आणि नेमकं तेव्हाच एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, हे इतकं क्वचित घडतं की एकेका प्रोटॉनला सरासरी अब्जावधी वर्षं ताटकळावं लागतं, म्हणूनच सूर्य एका दमात उडून जात नाही. तरी प्रोटॉन इतके बेसुमार आहेत की दर सेकंदाला ६० कोटी टन हायड्रोजन खर्ची पडतो, त्यातल्या ४० लाख टनांची ऊर्जा होते आणि बाकीचा हेलियम गाभ्यातच साठत जातो.

बाईंचं आणि तुमचं गाडं अडतं ते इथे. चार कणांच्या जागी एकच कण उरला की गाभ्याला वरचा भार पेलत नाही, तो आवळला जातो, आवळला की तापतो, आणि तापला की केंद्रकं जुळण्याचं हे काम, म्हणजे फ्यूजन, अजून जोरात. जन्मला तेव्हा सूर्य आजच्या साधारण ७० टक्केच तेजस्वी होता, अजून शंभरेक कोटी वर्षांनी तो सुमारे १० टक्के वाढलेला असेल आणि समुद्र टिकणं अवघड होईल. गाभ्यातला हायड्रोजन संपायला साधारण ५०० कोटी वर्षं आहेत, बाहेरच्या थरांत तेव्हाही भरपूर उरलेला असेल पण तो गाभ्यात मिसळत नाही, मग गाभ्याभोवतीच्या थरात फ्यूजन सुरू होऊन सूर्य फुगेल आणि बुध, शुक्र गिळेल. मंद पडण्याची पाळी त्याच्याही नंतर.

चौकटीतली दुरुस्ती पहिल्या पानावर छापा, मी ती बाईंना नेऊन देतो.

आणि हो, नवी मुंबईचं पान परत ठाण्याच्या पानात का घुसवलंय? पाणी कधी येणार नाही हे आम्हाला पाणी गेल्यावर कळतं.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, ऐरोली